उंचीची मर्यादा आणि चढाची मर्यादा



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर दूरसंचार शिकवला. त्यांचं गुणवर्णन करण्यापेक्षा त्यांच्या विषयातला एखादा प्रश्न घेऊन तो आकड्यांपर्यंत नेऊन पाहावा, असं मी ठरवलं. प्रश्न असा आहे: माणसाचा आवाज बिटांच्या रूपात पाठवायचा, तर दर वेळी त्याचं पूर्ण मोजमाप पाठवावं, की मघापेक्षा वर गेला की खाली आला एवढंच सांगावं? पहिल्या पद्धतीला पल्स कोड मॉड्युलेशन म्हणजे पीसीएम म्हणतात, दुसरीला डेल्टा मॉड्युलेशन. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या दोघांची तुलना एका वाक्यात उरकली जाते: डेल्टा साधी, पण तिच्यात स्लोप ओव्हरलोड होतो, पीसीएमचा दर्जा चांगला, पण त्याला बिट जास्त लागतात. हे वाक्य एका विशिष्ट बिटरेटला खरं असतं, दुसऱ्या बिटरेटला खोटं. ते कुठे पालटतं आणि का, हे आज पाहायचं आहे.

आधी पीसीएम. टेलिफोनच्या तारेवरचा आवाज म्हणजे वरखाली होणारं एक व्होल्टेज. त्यातल्या ३४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरी ठेवल्या की बोलणं नीट समजतं. हे व्होल्टेज सेकंदाला ८००० वेळा मोजायचं, प्रत्येक मोजमाप २५६ पातळ्यांपैकी सर्वांत जवळच्या पातळीवर बसवायचं आणि त्या पातळीचा क्रमांक ८ बिटांत लिहून पाठवायचा. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. ही कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याची. पॅरिसमधल्या प्रयोगशाळेत काम करत असताना १९३८ मध्ये त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा लागणारी मंडलं इतकी अवजड होती, की रोजच्या टेलिफोन व्यवस्थेत पीसीएम उतरायला १९६२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत बेल कंपनीने एका मार्गावर २४ संभाषणं नेणारी टी-वन व्यवस्था सुरू केली. युरोपात आणि भारतात पुढे ३० संभाषणांची ई-वन व्यवस्था आली. दोन्हींत एका संभाषणाचा वाटा तोच, ६४ किलोबिट.

पीसीएमचं यंत्र अवजड होतं, म्हणून सोपा मार्ग शोधला गेला. १९४६ मध्ये फ्रान्समध्येच देलोरेन, व्हान मिएर्लो आणि देर्जाविच यांनी डेल्टा मॉड्युलेशनचं पेटंट घेतलं. कल्पना समजायला सराफकट्ट्यावरचा सोन्याचा भाव घ्या. एक माणूस रोज पूर्ण भाव लिहून कळवतो. दुसरा फक्त 'चढला' किंवा 'उतरला' एवढंच कळवतो, आणि ऐकणाऱ्याने आपल्या वहीत दर निरोपाला ठरलेले शंभर रुपये वाढवायचे किंवा कमी करायचे. दुसऱ्याचा निरोप एका शब्दाचा आहे. पण एका दिवसात भाव हजार रुपयांनी उसळला, तर वही त्याच्यापर्यंत पोचायला दहा निरोप लागतील. डेल्टाची सगळी सोय आणि सगळी अडचण एवढ्यात आली.

मंडलात याला तीनच भाग लागतात. एक तुलनाकार, म्हणजे कंपॅरेटर: आलेलं व्होल्टेज आपल्या अंदाजापेक्षा जास्त आहे की कमी, ते तो सांगतो. दुसरा फ्लिप-फ्लॉप: क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ते उत्तर १ किंवा ० म्हणून पकडून ठेवतो. तिसरा इंटिग्रेटर: १ आला की अंदाज एक पायरी वर नेतो, ० आला की एक पायरी खाली. पलीकडच्या टोकाला असाच एक इंटिग्रेटर आणि त्यामागे ३४०० हर्ट्झवरचं सगळं गाळणारा फिल्टर ठेवला, की आवाज परत मिळाला. पीसीएममध्ये आठ बिटांचा गट कुठे सुरू होतो हे पलीकडच्याला कळावं लागतं. ते चुकलं की नुसता गोंगाट ऐकू येतो. डेल्टात प्रत्येक बिट सारख्याच वजनाचा असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत चालवू. क्लॉक सेकंदाला ६४,००० ठोक्यांचा, म्हणजे बिटरेट पीसीएमइतकाच ६४ किलोबिट. पायरी ८० मिलिव्होल्टची. आपला अंदाज सेकंदाला जास्तीत जास्त किती चढू शकतो? प्रत्येक ठोक्याला वरच गेला तर ६४,००० गुणिले ०.०८, म्हणजे सेकंदाला ५१२० व्होल्ट. आवाजाचं व्होल्टेज याहून वेगाने चढलं तर अंदाज मागे पडणारच. हाच स्लोप ओव्हरलोड.

साध्या साइन लहरीचा सर्वांत तीव्र चढ ती शून्य ओलांडते तिथे असतो. त्याचं मूल्य म्हणजे २π गुणिले वारंवारता गुणिले उंची. एक व्होल्ट उंचीच्या, ८०० हर्ट्झच्या लहरीसाठी हे सुमारे ५०२७ येतं. आपली मर्यादा ५१२०, म्हणजे ही लहर जेमतेम बसली. आता उंची तीच ठेवून वारंवारता ३२०० हर्ट्झ करा. चढ चौपट झाला, वीस हजारांच्या वर गेला. ओव्हरलोड टाळायचा तर या लहरीची उंची पाव व्होल्टवर आणावी लागेल. पीसीएमला असं काही विचारावं लागत नाही. त्याच्या २५६ पातळ्या एक व्होल्टपर्यंत पुरत असतील, तर लहर ८०० ची असो की ३२०० ची, एक व्होल्टपर्यंत सगळं चालतं. पीसीएमची मर्यादा उंचीवर आहे, डेल्टाची चढावर. दोघांमधला खरा फरक हा आहे. बाकीचे फरक याच्या पोटातून येतात.

ओव्हरलोड झाल्यावर बाहेर काय येतं, तेही मोजून पाहू. एक व्होल्ट उंचीची ३२०० हर्ट्झची लहर आपण तशीच आत सोडली. तिच्या एका आवर्तनात ६४,००० भागिले ३२००, म्हणजे वीस ठोके बसतात. लहर इतकी उंच आहे, की आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात अंदाज वरच धावत राहतो आणि दुसऱ्या भागात खालीच. बिटांची ओळ अशी दिसते: दहा वेळा १, मग दहा वेळा ०, पुन्हा दहा वेळा १. दहा पायऱ्या गुणिले ८० म्हणजे ८०० मिलिव्होल्ट. आत गेली तळापासून माथ्यापर्यंत दोन व्होल्टची गोलाईदार लहर. बाहेर आला ०.८ व्होल्टचा सरळ बाजूंचा त्रिकोण. ऑसिलोस्कोपवर आतलं आणि बाहेरचं एकाखाली एक लावलं, की ओव्हरलोड लगेच ओळखता येतो: वक्र बाजू सरळ झालेल्या असतात आणि बाहेरचं शिखर आतल्या शिखराच्या मागून येतं.

पण कानाला काय वाटतं? इथे नवशिक्या फसतो. त्रिकोणात मूळ ३२०० हर्ट्झची लहर असते आणि तिच्या तिप्पट, पाचपट वारंवारतेच्या लहरी असतात. तिप्पट म्हणजे ९६०० हर्ट्झ. ती फिल्टरमध्ये गळून जाते. कानापर्यंत पोचते ती स्वच्छ ३२०० हर्ट्झची लहर, फक्त तिची उंची एक व्होल्टऐवजी साधारण ०.३२ व्होल्ट. ना खरखर, ना चिरका आवाज; वरचे सूर दबले एवढंच. म्हणून ओव्हरलोड होणारा डेल्टा पुष्कळदा बिघडल्यासारखा वाटत नाही, बोलणारा जरा तोंड झाकून बोलतोय असा भास होतो. फिल्टरच्या पुढच्या टोकाला नुसतं ऐकून दोष सापडत नाही, तो बिटांत शोधावा लागतो. सारख्या बिटांची लांब रांग ही ओव्हरलोडची खूण.

उलट बाजूचा दोष म्हणजे कणीदार गोंगाट. व्होल्टेज संथ असताना अंदाज त्याच्याभोवती एक पायरी वर, एक पायरी खाली असा हलत राहतो. कोणी बोलतच नसेल तर बिट १०१०१० असे येतात. ती ३२,००० हर्ट्झची थरथर फिल्टर अडवतो. पण २० मिलिव्होल्टचं कुजबुजणं ८० मिलिव्होल्टच्या पायरीला हलवूच शकत नाही. ते १०१०१० मध्येच गडप होतं. पायरी लहान केली की कणी बारीक होते, पण चढायची ताकद कमी होते. मोठी केली की चढ पेलतो, पण कणी जाडी होते. या दोन टोकांमध्ये पायरी कुठे ठेवायची, हा डेल्टा वापरणाऱ्याचा पहिला निर्णय. मीटरवर एकूण चूक सर्वांत कमी दिसते ती जागा एक, आणि कानाला बरी वाटते ती जागा थोडी वेगळी. कणीची खरखर सतत कानाला बोचते. ओव्हरलोडची चूक आवाजाबरोबरच येते आणि त्यातच मिसळून जाते. म्हणून कानाने ठरवलेली पायरी मीटरने ठरवलेल्यापेक्षा जरा लहान निघते.

मग डेल्टा चालतो तरी कसा? कारण माणसाच्या बोलण्यातली बहुतेक ताकद खालच्या वारंवारतांत असते. स्वर जोरकस आणि संथ. वरच्या वारंवारता क्षीण. १९५२ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या डे यागर यांनी डेल्टावरच्या आपल्या निबंधात हे दाखवून दिलं: ८०० हर्ट्झची जेवढी उंच लहर यंत्र पेलू शकतं, तेवढ्याच उंचीचं बोलणंही ते ओव्हरलोडशिवाय पेलतं. म्हणूनच मघाच्या उदाहरणात मी ८०० हा आकडा घेतला. बोलणं चढाच्या मर्यादेत निसर्गतःच बसतं. शिट्टी, किंवा टेलिफोन लाइनवरच्या मोडेमचे उंच सूर, तसे बसत नाहीत.

आता बिटरेट आणि दर्जा यांचा हिशेब. दर्जा मोजायचा तो आवाजाची ताकद गोंगाटाच्या किती पट, या डेसिबलच्या मापात. डेल्टाचा क्लॉक दुप्पट केला तर दोन फायदे होतात. तोच चढ पेलायला आता निम्मी पायरी पुरते, त्यामुळे गोंगाटाची ताकद पाव होते: सहा डेसिबल. शिवाय उरलेला गोंगाट दुप्पट रुंद पट्ट्यात पसरतो आणि त्यातला निम्माच ३४०० हर्ट्झच्या आत येतो: आणखी तीन. म्हणजे बिटरेट दुप्पट केला की नऊ डेसिबल मिळाले. पीसीएममध्ये प्रत्येक वाढीव बिट पातळ्या दुप्पट करतो आणि सहा डेसिबल देतो. बिटरेट दुप्पट करायचा तर दोन बिटांचे चार होतील, बारा डेसिबल मिळतील; चाराचे आठ होतील, चोवीस मिळतील. डेल्टाची कमाई दर दुपटीला तेवढीच राहते, पीसीएमची मात्र वाढत जाते.

आकडे मांडू. हे आदर्श यंत्राचे, ८०० हर्ट्झच्या पूर्ण उंचीच्या एका लहरीसाठीचे, पातळ्या समान अंतरावर धरून काढलेले आकडे आहेत. सेकंदाला १६ किलोबिटला डेल्टा सुमारे साडेअठरा डेसिबल देतो, दोन बिटांचं पीसीएम जेमतेम चौदा. ३२ किलोबिटला डेल्टा साडेसत्तावीस, पीसीएम सव्वीस. ४० किलोबिटला डेल्टा साडेतीस, पीसीएम बत्तीस. ६४ किलोबिटला डेल्टा साडेछत्तीस, पीसीएम पन्नास. म्हणजे ३२ आणि ४० च्या मध्ये कुठेतरी पारडं फिरतं. त्याखाली डेल्टा सरस, त्यावर पीसीएम, आणि वर जावं तसं अंतर वाढतच जातं. परीक्षेतलं वाक्य ६४ किलोबिटला लागू पडतं. १६ ला ते साफ उलटं आहे.

यातली ८०० हर्ट्झची अट मात्र विसरू नका. लहर १६०० हर्ट्झची केली, तर डेल्टाला उंची निम्मी करावी लागते आणि त्याचे सहा डेसिबल जातात. मग ३२ किलोबिटलाही पीसीएम पुढे जातं. डेल्टाच्या दर्जाचा आकडा कोणी वारंवारता न सांगता दिला, तर तो आकडा घेऊ नये.

तरीही टेलिफोन खात्यांनी साधा डेल्टा नाकारला, त्याचं मुख्य कारण वेगळं होतं. एका लाइनवर कोणी ओरडून बोलतो, कोणी हळू. हळू बोलणाऱ्याचं व्होल्टेज एक दशांश असेल, तर ठरलेल्या पायरीच्या डेल्टात वीस डेसिबल थेट वजा होतात; ६४ किलोबिटलाही साडेछत्तीसचे साडेसोळा उरतात. समान पातळ्यांच्या पीसीएमचंही असंच होतं, पण तिथे उपाय सोपा होता: शून्याजवळच्या पातळ्या दाट ठेवायच्या, वरच्या विरळ. युरोप आणि भारत यासाठी ए-लॉ वापरतात, अमेरिका म्यू-लॉ. पूर्ण उंचीचे पन्नास डेसिबल उतरून अडतीसच्या आसपास येतात, पण हळू बोलणाऱ्यालाही जवळपास तेवढेच मिळतात. १९७२ मध्ये जी-७११ या नावाने हेच आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याच्यासमोर ठरलेल्या पायरीचा डेल्टा टिकणं शक्य नव्हतं.

मग डेल्टाने पायरी बदलायला शिकून घेतलं. कधी बदलायची हे कसं कळावं? ओव्हरलोडची खूण बिटांतच असते, हे आपण मघाशी पाहिलं. तीच खूण इथे कामाला आली. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले एन. एस. जयंत यांनी १९७० मध्ये अगदी सुटसुटीत नियम मांडला: ताजा बिट मागच्या बिटासारखाच असेल तर पायरी दीडपट करायची, वेगळा असेल तर दीडने भागायची. पलीकडच्या यंत्रालाही तेच बिट दिसतात, म्हणून पायरी किती झाली हे वेगळं कळवावं लागत नाही. त्याच सुमारास फिलिप्समध्ये ग्रीफकेस आणि रीमेन्स यांनी सावकाश बदलणाऱ्या पायरीची पद्धत मांडली. तीच आज सीव्हीएसडी म्हणून ओळखली जाते.

सीव्हीएसडी तुमच्यातल्या पुष्कळांच्या खिशात आहे. ब्लूटूथच्या हेडसेटवर फोन घेताना जी पद्धत पहिल्यापासून उपलब्ध आहे, ती हीच, ६४ किलोबिटची. तिथे पायरी सोळा बिटांच्या मापात १० पासून १२८० पर्यंत फिरते, म्हणजे १२८ पट. लागोपाठ चार बिट सारखे आले की पायरीत दहाची भर पडते; नाहीतर ती दर ठोक्याला स्वतःच्या हजार चोविसाव्या भागाने कमी होते. हिशेब केला तर सर्वांत लहान पायरीवरून सर्वांत मोठीवर पोचायला १२७ वाढी लागतात, म्हणजे सेकंदाला ६४,००० ठोक्यांनी निदान दोन मिलिसेकंद. 'प', 'ट', 'क' ही व्यंजनं शांततेतून एकदम फुटतात. त्या क्षणी पायरी लहानच असते, म्हणून त्यांची पहिली धार ओव्हरलोडमध्ये बोथट होते. बदलत्या पायरीने ओव्हरलोड आटोक्यात आणला, नाहीसा केला नाही.

पण ६४ किलोबिट हातात असताना ब्लूटूथने डेल्टा का घेतला, पीसीएमच का नाही? खरं तर ब्लूटूथमध्ये ए-लॉ आणि म्यू-लॉ हे पर्यायही ठेवलेले आहेत. डेल्टाची बाजू जड होते ती हवेत बिट चुकतात म्हणून. समान पातळ्यांच्या पीसीएममध्ये सर्वांत वरचा बिट उलटला तर मोजमाप पट्टीच्या निम्म्या लांबीने सरकतं आणि कानात खटका बसतो. डेल्टात बिट उलटला तर अंदाज दोन पायऱ्यांनी चुकतो, एवढंच. ही चूक पुढे साठत राहू नये म्हणून इंटिग्रेटर जरा गळका ठेवतात. ब्लूटूथमध्ये तो साधारण अर्ध्या मिलिसेकंदात मागचं विसरत जातो. शंभरात एक बिट चुकत असला तरी संभाषण चालू राहतं. लष्करी रेडिओंनी १६ किलोबिटचा सीव्हीएसडी स्वीकारला तो याच दोन गुणांसाठी: कमी बिटरेटला दर्जा टिकतो आणि खराब मार्गावर बोलणं तुटत नाही.

आता निवाडा. मार्ग स्वच्छ आहे, बिटरेट ६४ किलोबिट मिळतो आहे, आणि त्यावरून बोलणं, मोडेमचे सूर, काहीही जाऊ शकतं, तर ए-लॉचं पीसीएम घ्यावं. तिथे डेल्टाचा विचार करण्याचं कारण नाही. बिटरेट ३२ किलोबिट किंवा त्याखाली आहे, मार्ग चुका करणारा आहे आणि त्यावरून फक्त माणूस बोलणार आहे, तर बदलत्या पायरीचा डेल्टा तेवढ्याच बिटरेटच्या पीसीएमपेक्षा चांगला ठरतो. ठरलेल्या पायरीचा डेल्टा मात्र प्रयोगशाळेतच शोभतो, आणि तिथे तो अवश्य असावा. विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे: तो प्रयोग एक किलोहर्ट्झच्या एकाच लहरीवर उरकू नका. तीच लहर दहापट लहान करून पाहा, मग ३२०० हर्ट्झवर न्या, आणि दर वेळी आवाज ऐकण्याआधी बिटांची ओळ कागदावर लिहून घ्या.